तीव्र आचेवर सिअरिंग करण्यासाठी तेल कसे निवडावे

मांसाचा किंवा मासळीचा तुकडा अतिशय तापलेल्या तव्यावर ठेवून त्याचा पृष्ठभाग थोडक्या वेळात खमंग व तांबूस करणे, याला सिअरिंग म्हणतात. त्यासाठी तवा साधारण २०० ते २३० अंश सेल्सियस तापावा लागतो आणि नेमक्या याच टप्प्यात अनेक तेले धुरू लागतात. तेलातून निळसर धूर सतत निघू लागतो, ते तापमान म्हणजे त्या तेलाचा धूम्रबिंदू. त्यापुढे तेलाचे विघटन वेगाने होते, डोळ्यांना झोंबणारे अ‍ॅक्रोलीन तयार होते आणि पदार्थाला कडवट चव येते.

म्हणून पहिली पायरी निवडीची. शुद्धीकरणात तेलातील मुक्त मेदाम्ले व बारीक कण निघून जातात, त्यामुळे एकाच शेंगदाण्याचे कच्चे तेल १६० अंशांच्या आसपास धुरते, तर रिफाइंड तेल सुमारे २३० अंशांपर्यंत टिकते. रिफाइंड सूर्यफूल तेलही जवळपास तितकेच टिकते, तूप २५० आणि रिफाइंड अ‍ॅव्होकॅडो तेल २७० अंशांच्या घरात जाते. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल १९० च्या आसपास, तर लोणी १७५ च्याही आत धुरते. हे आकडे तेलाच्या ताजेपणानुसार बदलतात. एकदा तळणीत वापरलेले तेल पुष्कळ लवकर धुरते, म्हणून माझ्या मते ते या कामासाठी घेऊच नये.

आता अडीच सेंटिमीटर जाडीचा चिकनचा तुकडा घेऊ. तो कागदाने टिपून पूर्ण कोरडा करावा, कारण पृष्ठभागावरचे पाणी आटेपर्यंत तिथले तापमान १०० अंशांपुढे जात नाही. बिडाचा जाड तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे कोरडाच तापवावा. नॉनस्टिक भांडे असे रिकामे तापवू नये, त्याचा लेप खराब होतो. तव्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो चुरचुरत आटला तर तवा अजून कमी तापलेला आहे आणि मोत्यासारखा गोल होऊन घरंगळू लागला तर तवा तयार आहे. मग एक मोठा चमचा रिफाइंड तेल घालावे. ते काही सेकंदांत पातळ होऊन त्यावर तरंग दिसतात, तेव्हाच तुकडा ठेवावा आणि तो आपणहून सुटेपर्यंत हलवू नये. धुराची पहिली बारीक रेघ दिसली तर आच लगेच कमी करावी. दाट धूर आला तर गॅस बंद करून तवा निवू द्यावा व ते तेल टाकून द्यावे.

लोण्यात तेल मिसळले की लोणी जळत नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे, कारण लोण्यातील दुधाचे घन कण तेलातही त्यांच्या नेहमीच्याच तापमानाला करपतात. लोण्याची चव हवी असल्यास दोन्ही बाजू तांबूस झाल्यावर आच मंद करून ते शेवटच्या मिनिटाला घालावे.

तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवावे. पाणी मुळीच ओतू नये, कारण ते क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडवते.