डायरेक्टरच्या जागेचं पत्र आणि लाल पेनातले अकरा गोल

तळोज्याच्या गोदामात नऊ वर्षं काढून मी डायरेक्टरच्या जागेसाठी पहिलं कव्हर लेटर लिहिलं. "तुमच्या वितरण व्यवस्थेचा कायापालट करीन," असं त्यात होतं. ज्या कंपनीचं गेटही पाहिलं नव्हतं, तिला! उत्तर आलं नाही.

मग दुसरं टोक गाठलं. पुढच्या पत्रात सगळीकडे 'वुई'. ठाण्याला जुन्या साहेबांकडे नेलं, तर त्यांनी लाल पेनाने प्रत्येक 'वुई'ला गोल केला. अकरा निघाले. "यातलं तुम्ही काय केलंत?" मला सांगता येईना. मी ज्याला नम्रता समजत होतो ती खरं तर लपायची जागा होती. डायरेक्टर नेमणाऱ्याला बघायचं असतं की निर्णय कुणाचा होता आणि तो फसला तेव्हा कोण पुढे झालं. 'वुई'त ते दोन्ही बुडतं.

तिसऱ्या पत्रातला परिच्छेद असा होता: "आमच्या गेटवर गाड्या सरासरी पाच तास खोळंबत. प्रत्येक गाडीला वेळ ठरवून द्यायची कल्पना डॉक सुपरवायझरची. रात्रपाळीचा खर्च मंजूर करून घेणं आणि ट्रान्सपोर्टरांना राजी करणं माझ्याकडे होतं. एक-दोनच गाड्या असलेल्या मालकांना मी आधी विचारलंच नाही, म्हणून पहिला महिना त्यांचे स्लॉट रिकामे गेले. त्यांना फोनवर वेळ बदलायची मुभा दिली. सहा महिन्यांत खोळंबा दोन तासांवर आला." यात 'मी नम्र आहे' कुठेच नाही. श्रेय ज्याचं त्याला, चूक माझी, आकडा शेवटी. ग्राहकांची नावं आणि दर मात्र चुकूनही लिहू नका. आजच्या मालकाचं गुपित फोडणाऱ्याला उद्याचा मालक कशाला घेईल?

व्हिजनला मी तीनच वाक्यं दिली, तीही जाहिरातीला धरून. त्यांना उरणकडे दुसरं गोदाम सुरू करायचं होतं. मी लिहिलं, "बाहेरून बघता मला जागेपेक्षा माणसांचा प्रश्न मोठा वाटतो. अनुभवी सुपरवायझर तिकडे हलवले, तर जुनं गोदाम कोण सांभाळणार, हे मी आधी ठरवीन. आतले आकडे पाहिल्यावर माझं मत बदलू शकतं." शेवटचं वाक्य एकदाच हं. प्रत्येक मुद्द्याला ते जोडलंत, तर तुम्हाला मतच नाही असं वाटतं.

पैसे घेऊन तयार नमुने विकणाऱ्या 'मेंटॉर' मंडळींच्या नादी लागू नका. त्यांचं पत्र गुळगुळीत असतं, पण त्यात तुमचं गेट नसतं. आणि घाबरूही नका. इतकी वर्षं काम केलंय म्हणजे असा एक प्रसंग तुमच्याकडे असणारच. मला तो आठवायला दोन रविवार लागले.

मुलाखत ऐरोलीला झाली. खुर्चीत बसतो न बसतो तोच पहिला प्रश्न आला, "त्या रिकाम्या स्लॉटचं काय झालं होतं, जरा सविस्तर सांगा."