नोकरीआधी पाच दिवसांचं काम, पैसे घेऊन

स्टार्टअपच्या संस्थापकाला नुसता बायोडेटा पाठवला की तो इनबॉक्सच्या तळाशी जातो. त्याऐवजी त्यांचं अ‍ॅप स्वतः वापरा आणि जिथे अडलात ती एकच जागा पकडा. मग असं लिहा:

“नमस्कार. तुमच्या अ‍ॅपवर नोंदणी करताना पत्ता बदलायला मागे गेलो, तर भरलेला सगळा फॉर्म पुसला गेला. स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलंय. हे पाच दिवसांत, 12,000 रुपयांत दुरुस्त करून देतो. निम्मे आधी, निम्मे तुम्ही काम तपासल्यावर. काम पटलं तर नोकरीचं बोलू.”

रक्कम लिहायला लाजू नका. फुकटचं काम तपासायची कुणालाच घाई नसते, ते तसंच पडून राहतं.

‘काम झालं’ म्हणजे काय, हेही आधीच लिहून घ्या. इथे ते सोपं आहे: मागे जाऊन परत आलं तरी माहिती तशीच दिसली पाहिजे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. नाहीतर तिसऱ्या दिवशी “जरा लॉगिनचंही बघता का?” असा मेसेज येतोच. आलाच, तर त्याचे वेगळे पैसे सांगा. आणि सध्या कुठे नोकरीत असाल, तर बाहेरचं काम चालतं का, ते आपल्या करारात आधी वाचा.