ईमेलमधला मजकूर सलग करताना या चुका टाळा

ईमेलमधून वर्डमध्ये चिकटवलेला मजकूर अर्ध्या ओळीतच तुटलेला दिसतो. याचं कारण जुनं आहे. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये एक ओळ 78 अक्षरांच्या आत ठेवावी, अशी मानकाची शिफारस आहे आणि अनेक प्रोग्रॅम ती पाळतात. म्हणजे ओळ भरली की प्रोग्रॅम स्वतःच एंटर टाकतो. वर्डला तो एंटर खरा वाटतो आणि प्रत्येक ओळीचा वेगळा परिच्छेद होतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे थेट `Ctrl+H` दाबून, सगळे `^p`, म्हणजे एंटर, काढून `Replace All` करणं. घाईचं काम! एका फटक्यात पाच पानांचा एकच परिच्छेद होतो, कारण परिच्छेद वेगळे करणारी रिकामी ओळसुद्धा दोन `^p` मिळूनच बनलेली असते.

त्यातही `Replace with` रिकामं ठेवलं, तर शब्द चिकटतात. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या सूचनेचं उदाहरण घ्या. ओळ संपते «पुढील सभा» या शब्दांवर आणि खालची सुरू होते «सदस्यांच्या सोयीनुसार ठरेल» अशी. मध्ये स्पेस न घालता जोडलं की होतं «पुढील सभासदस्यांच्या सोयीनुसार ठरेल». वाचणाऱ्याला हा शब्द खराच वाटतो, सभा कुठल्या कुठे गेली हे कळतही नाही. अशी चूक मूळ ईमेल शेजारी ठेवून वाचल्याशिवाय सापडत नाही. म्हणून `^p` च्या जागी नेहमी एक स्पेस.

आधी `Ctrl+Shift+8` दाबून खुणा दिसू द्या, हे टाळू नका. ओळीच्या शेवटी ¶ असेल तर तो `^p`. वाकडा बाण असेल तर तो `^l`, आणि `^p` शोधून तो कधीच सापडणार नाही. «रिप्लेस चालतच नाही» ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते. दुसरं कारण म्हणजे `Use wildcards` वर राहिलेली टिक. ती असेल तर `Find what` मध्ये `^p` चालत नाही.

मूळ फाइलची प्रत ठेवा आणि पुढचे बदल याच क्रमाने करा. डावीकडचं शोधायचं, उजवीकडचं घालायचं:

```
^l      →  ^p
^p>     →  ^p
^p^w    →  ^p
^w^p    →  ^p
^p^p^p  →  ^p^p
^p^p    →  @@@
^p      →  (एक स्पेस)
@@@     →  ^p
```

क्रम का महत्त्वाचा, ते पाहा. उत्तरात आलेल्या मजकुराच्या प्रत्येक ओळीआधी `>` असतं, रिकाम्या ओळीतसुद्धा. ते आधी काढलं नाही तर ती ओळ रिकामी ठरत नाही आणि दोन परिच्छेद एकात मिसळतात. `>>` असेल तर दुसरी पायरी पुन्हा करा. पहिल्या ओळीआधी `^p` नसतो, म्हणून तिथलं चिन्ह हाताने काढा. `^w` म्हणजे स्पेस आणि टॅब. वरवर रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत एखादी स्पेस दडलेली असते, तिच्यामुळेही `^p^p` सापडत नाही. पाचवी पायरी बदल शून्य होईपर्यंत चालवा, नाहीतर तीन एंटरमधला एक उरतो आणि पुढे नुसती स्पेस होतो. `@@@` ही तात्पुरती खूण आहे. मजकुरात ती नाही, हे आधी शोधून पाहा.

मजकुराचा एकच भाग निवडून हे करत असाल, तर वर्ड शेवटी उरलेल्या फाइलमध्येही शोधू का, असं विचारतं. तिथे `No`. सवयीने `Yes` दाबलं की धड असलेला मजकूरही बिघडतो.

सभेपुढचे विषय, पत्ता, सह्या, कवितेच्या ओळी. इथले एंटर खरेच हवे असतात आणि वरची पद्धत तेही खाऊन टाकते. «1. इतिवृत्त वाचणे 2. लेखापरीक्षण अहवाल 3. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती» अशी सलग ओळ हाती येते. सुरुवातीलाच अशा प्रत्येक ओळीनंतर एक जादा एंटर द्या, म्हणजे ती परिच्छेद म्हणून वाचते. कविता मोठी असेल तर ती कापून दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा. ती नीट परत आणणं हे नंतर शोधत बसण्यापेक्षा सोपं.

लांब लिंक दोन ओळींत तुटलेली असेल, तर जोडताना मध्ये आलेली स्पेस हाताने काढा. ती राहिली तर लिंक उघडत नाही.