रुब्रिकमधले दोन निकष एकाच चुकीचे मार्क दोनदा कापतायत का, ते कसं शोधायचं आणि नीट एकत्र कसं करायचं

रुब्रिक बनवताना आपण निकष एकेक करून लिहितो आणि प्रत्येक निकष सुटा वाचला तर बरोबरच वाटतो. घोळ होतो तो दोन निकष एकाच पेपरवर लावल्यावर. विद्यार्थ्याची चूक एक, पण मार्क दोन ओळींत कापले जातात, आणि तपासणाऱ्याला ते कळतही नाही कारण तो प्रत्येक ओळीत प्रामाणिकपणेच मार्क देत असतो. म्हणून नुसतं रुब्रिक वाचत बसून हे सापडत नाही, ते पेपरवर चालवून बघावं लागतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. प्रोजेक्ट रिपोर्टचं ४० मार्कांचं रुब्रिक आहे, चार निकष, प्रत्येकी १० मार्क: "मुद्द्यांना पुरावा", "युक्तिवादाची ताकद", "मांडणी", "भाषा". युक्तिवादाच्या ओळीखाली वर्णन असं आहे: "दावे ठोस व साधार आहेत, वाचणाऱ्याला पटतात, निष्कर्ष नीट निघतो." यातला "साधार" हा शब्द बघून ठेवा, गडबड तिथेच आहे.

आधी जुने शेरे काढा

आधी तपासलेले दहा-पंधरा रिपोर्ट घ्या आणि मार्क न बघता फक्त शेरे वाचा. पुराव्याच्या ओळीत लिहिलंय "तिसऱ्या मुद्द्याला आकडेवारी नाही" आणि युक्तिवादाच्या ओळीत लिहिलंय "तिसरा मुद्दा पटत नाही, नुसतं विधान आहे". शब्द वेगळे आहेत पण बोट रिपोर्टमधल्या त्याच परिच्छेदावर आहे. असं जिथे जिथे दिसेल तिथे त्या दोन ओळींची जोडी लिहून ठेवा, सध्या तो फक्त संशय आहे.

इथे बरेच जण मार्कांच्या कॉलमकडे बघतात, की दोन निकषांचे मार्क कायम बरोबरच वर-खाली होतात म्हणजे ते एकच असणार. यावर भरवसा ठेवू नका. मन लावून काम करणाऱ्याचा पुरावाही चांगला असतो आणि भाषाही, म्हणून काही ते दोन एकच निकष होत नाहीत. शिवाय एका गुणाची छाप बाकीच्या मार्कांवर पडतेच, मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच हे दाखवलं होतं: सैन्यातले अधिकारी हाताखालच्या लोकांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व अशा वेगवेगळ्या गुणांसाठी मार्क द्यायचे आणि ते सगळे गरजेपेक्षा जास्त जुळायचे.

मग एकच चूक मुद्दाम घाला

ही खरी टेस्ट. एक चांगला रिपोर्ट घ्या, समजा त्याला १०, १०, ८, ८ असे ३६ मिळालेत. त्याची कॉपी करा आणि पाच मुख्य मुद्द्यांपैकी दोन मुद्द्यांचा पुरावा काढून टाका, बाकी एका शब्दालाही हात लावायचा नाही, वाक्यं तुटली असतील तर तेवढी जोडून घ्या. आता ही कॉपी अशा माणसाला तपासायला द्या ज्याने मूळ रिपोर्ट पाहिलेला नाही, कारण पाहिलेला असेल तर नकळत तुलना होते.

समजा मार्क आले ६, ५, ८, ८, म्हणजे २७. एका चुकीला ९ मार्क गेले, पुराव्यात ४ आणि युक्तिवादात ५. मांडणी आणि भाषा हलली नाही, म्हणजे तो भाग ठीक आहे. संशय पक्का झाला.

पण एकत्र करायच्या आधी उलटी टेस्टही करा, ही लोक गाळतात आणि मग विलीनीकरणात काहीतरी कामाचं हरवतं. असा रिपोर्ट असू शकतो का जो पुराव्यात पूर्ण पास होईल पण युक्तिवादात पडेल? असू शकतो. समजा रिपोर्टमध्ये लिहिलंय की नवीन वेळापत्रकामुळे हजेरी वाढली, आणि आधीच्या-नंतरच्या हजेरीचे आकडे पण दिलेत. पुरावा आहे. पण त्याच महिन्यात परीक्षा होत्या, म्हणजे हजेरी त्यामुळेही वाढलेली असू शकते आणि रिपोर्ट त्याबद्दल गप्प आहे. ही चूक पुराव्याच्या ओळीत पकडलीच जात नाही. म्हणजे युक्तिवादाच्या निकषात "साधार" हा भाग डबल आहे आणि "निष्कर्ष नीट निघतो" हा भाग त्याचा स्वतःचा आहे. असा स्वतःचा भाग काहीच निघाला नाही तर ती ओळ सरळ उडवा.

आता एकत्र करा, पण मार्कांची बेरीज करू नका

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. १० आणि १० मिळून २० मार्कांची एक ओळ केली की रुब्रिक छोटं दिसतं पण त्या चुकीचे तेवढेच मार्क जात राहतात, फक्त आता दोन ठिकाणी न दिसता एका ठिकाणी. शिक्षा तशीच, नुसती लपली. म्हणून आधी ठरवायचं की या चुकीला किती मार्क जायला हवेत आणि मग ओळीचं वजन. समजा तपासणाऱ्यांनी बसून ठरवलं की एक-दोन मुख्य मुद्दे निराधार असतील तर ५ जावेत. मग नवीन ओळी अशा:

"दावा आणि पुरावा", १२ मार्क. सगळ्या मुख्य मुद्द्यांना पुरावा असेल तर १२, एक-दोन निराधार असतील तर ७, त्याहून जास्त असतील तर ३, कशालाच नसेल तर ०.

"पुराव्यातून निष्कर्ष", ८ मार्क. जे मुद्दे पुराव्यासह आलेत फक्त तेच इथे बघायचे: निष्कर्ष त्यातून निघतो का, दुसरं कारण असण्याची शक्यता विचारात घेतलीय का.

"फक्त तेच" हे दोन शब्द गाळू नका, दोन ओळींमधली हद्द तेवढ्यावरच टिकते. "पटणारा", "ठोस", "दर्जेदार" असले शब्द मात्र दोन्ही ओळींतून काढून टाका, कारण कुठलीही चूक त्यात बसते आणि डबल कापणी तिथूनच परत आत शिरते. "एकूण छाप" नावाची ओळ असेल तर तिचंही तेच, ती बाकी सगळ्या ओळींची चूक परत मोजते.

एक अडचण राहते: कशालाच पुरावा नसेल तर निष्कर्षाच्या ओळीत बघायला काही उरतच नाही. तिथे ० द्यावा असं माझं मत आहे, आणि तसं रुब्रिकमध्येच लिहून ठेवावं. ही डबल शिक्षा वाटते पण नाहीये, कारण ज्याचे मार्क द्यायचे ते काम रिपोर्टमध्ये झालेलंच नाही.

परत तपासून बघा

तोच चांगला रिपोर्ट आता १२, ८, ८, ८ म्हणजे परत ३६ वर यायला हवा, आणि पुरावा काढलेली कॉपी ७, ८, ८, ८ म्हणजे ३१ वर. कॉपीला निष्कर्षाच्या ओळीत ८ ऐवजी ५-६ आले तर तपासणारा अजून निराधार मुद्दे तिथे धरतोय, म्हणजे वर्णन अजून धारदार करा. मग जुने दहा-पंधरा रिपोर्ट नव्याने तपासा आणि कोणाचा नंबर वर-खाली झाला ते बघा. पुराव्यात कमी पडलेले थोडे वर सरकले तर अपेक्षितच आहे, निष्कर्षात कच्चे असलेले थोडे हलले तरी चालेल कारण त्या चुकीला आता स्वतःची ओळ मिळालीय. पण या दोन्हीत चांगला असलेला रिपोर्ट जर एकदम खाली गेला तर विलीनीकरणात काहीतरी सांडलंय, त्याचे जुने शेरे काढा आणि कुठल्या गोष्टीचे मार्क आता कुठल्याच ओळीत मिळत नाहीयेत ते शोधा.