अकाउंट डिलीट करताय? ३० दिवसांच्या मुदतीत होणाऱ्या या चुका टाळा

अकाउंट डिलीट करण्यात दोन प्रकारे फसगत होते. डिलीट केलेलं अकाउंट महिन्याने पाहिलं तर जसंच्या तसं चालू असतं, किंवा परत हवं असलेलं अकाउंट कायमचं गेलेलं असतं. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते. विनंती केल्यानंतरच्या मुदतीत लॉगिन केल्यावर काय होतं, हे आधी पाहिलेलं नसतं. काही सेवांवर लॉगिन झालं की डिलीट आपोआप रद्द होतं, काहींवर लॉगिन करून वेगळं बटण दाबावं लागतं, आणि काहींवर मुळात मुदतच नसते.

चूक पहिली: डिअ‍ॅक्टिव्हेट या शब्दावर विसंबणं

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर डिअ‍ॅक्टिव्हेट आणि डिलीट हे दोन स्वतंत्र पर्याय आहेत. डिअ‍ॅक्टिव्हेट केलं की प्रोफाइल इतरांना दिसत नाही, पण फोटो, पोस्ट, मित्रयादी असं सगळं कंपनीकडे जपून ठेवलेलं असतं. पुन्हा लॉगिन करेपर्यंत ते तसंच राहतं, त्याला शेवटची तारीख नसते. फेसबुक डिअ‍ॅक्टिव्हेट करूनही मेसेंजर चालू ठेवता येतो. तुम्ही पूर्वी पाठवलेले मेसेज समोरच्याच्या इनबॉक्समध्ये राहतात, आणि डिलीट केलं तरी ते तिथून जात नाहीत.

एक्सवर मात्र ‘Deactivate your account’ हीच डिलीटची पहिली पायरी आहे. तिथे अकाउंट महिनोन्‌महिने झाकून ठेवण्याची सोय म्हणून हे बटण दाबू नका. ३० दिवसांत परत लॉगिन केलं नाही, तर अकाउंट कायमचं काढलं जातं. ‘दोन महिने जरा लांब राहू’ म्हणून एक्स डिअ‍ॅक्टिव्हेट करणाऱ्याला दोन महिन्यांनी काहीच सापडत नाही. विश्रांतीच हवी असेल तर पोस्ट प्रोटेक्टेड करा, अ‍ॅप काढून टाका आणि अकाउंटला हात लावू नका.

अ‍ॅप काढणं म्हणजे अकाउंट डिलीट करणं नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. फोनमधून अ‍ॅप काढल्याने सर्व्हरवरचं काहीही हलत नाही. अ‍ॅप स्टोअरमार्फत घेतलेली सशुल्क वर्गणीही चालूच राहते. ती स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन वेगळी रद्द करावी लागते, नाहीतर अकाउंट गेल्यावरही पैसे कापले जातात.

मुदत कशी मोजायची

फेसबुकवर वाट अशी आहे: Settings & privacy, मग Settings, तिथून Accounts Center, Personal details, Account ownership and control आणि शेवटी Deactivation or deletion. इन्स्टाग्रामही याच Accounts Center मध्ये येतं. म्हणून पुढे जाण्याआधी कोणतं अकाउंट निवडलंय ते नीट पाहा. दोन्ही अकाउंट एकाच यादीत एकाखाली एक दिसतात आणि घाईत चुकीच्या नावावर बोट पडतं.

समजा १० मे रोजी डिलीटची विनंती केली. मुदतीचे ३० दिवस ९ जूनला पूर्ण होतात. या काळात अकाउंट कोणालाही दिसत नाही, पण डेटा शाबूत असतो आणि विनंती मागे घेता येते. त्यानंतर प्रत्यक्ष पुसण्याचं काम सुरू होतं. सर्व्हरवरून सगळं निघायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. या ९० दिवसांबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘डेटा अजून सर्व्हरवर आहे, म्हणजे परत मिळेल’ असं धरून लोक जुलैत धावपळ करतात. रद्द करण्याची संधी फक्त पहिल्या ३० दिवसांतच असते. पुढचे ९० दिवस कंपनीच्या कामाचे आहेत, आपल्यासाठी नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंतही थांबू नका. विनंतीची वेळ आणि आपलं घड्याळ यांत फरक पडू शकतो, म्हणून ९ जूनऐवजी ७ जून हीच आपली अखेरची तारीख धरा.

अकाउंट डिअ‍ॅक्टिव्हेट आहे की डिलीटच्या वाटेवर आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. दोन्ही वेळा प्रोफाइलच्या जागी पान उपलब्ध नसल्याचा संदेश दिसतो. म्हणून विनंती करताना पडद्यावर दिसलेल्या तारखेचा स्क्रीनशॉट ठेवा आणि कंपनीकडून आलेला ईमेल जपा.

चूक दुसरी: ‘गेलं का?’ बघायला लॉगिन करणं

एक्सवर मुदतीत लॉगिन करून पुन्हा सुरू करायला होकार दिला की अकाउंट परत येतं. म्हणजे २५व्या दिवशी उत्सुकतेपोटी पासवर्ड टाकून घाईत होकाराचं बटण दाबलं तर आधीचे दिवस वाया जातात. पुन्हा डिअ‍ॅक्टिव्हेट केलं तर नवे ३० दिवस पहिल्यापासून मोजले जातात. स्नॅपचॅटवरही ३० दिवसांत लॉगिन केलं की अकाउंट परत येतं.

लॉगिन दर वेळी आपण स्वतःच करतो असंही नाही. एक्सला जोडलेलं दुसरं एखादं अ‍ॅप आपल्या परवानगीने अकाउंट वापरत असेल तर त्यानेही ते जागं होऊ शकतं. म्हणून डिअ‍ॅक्टिव्हेट करण्याआधी Security and account access मध्ये Apps and sessions उघडा, तिथल्या Connected apps मधली सगळी परवानगी काढा आणि इतर फोन-संगणकांवरची चालू लॉगिन बंद करा. फेसबुकच्या बाबतीत डिअ‍ॅक्टिव्हेट केलेलं अकाउंट असं उठतं: एखाद्या गेममध्ये किंवा खरेदीच्या साइटवर ‘Continue with Facebook’ दाबलं, की फेसबुक परत सुरू. डिअ‍ॅक्टिव्हेट केल्यावर आठवडाभरात प्रोफाइल पुन्हा दिसू लागलं तर आधी हेच कारण तपासा.

त्यामुळे ज्या ज्या साइटवर फेसबुकने लॉगिन करता, तिथे आधी ईमेल आणि वेगळा पासवर्ड लावून घ्या. डिलीट पूर्ण झाल्यावर ते बटण चालणार नाही आणि त्या साइटवरचं अकाउंटही अडकून पडेल.

खरोखर गेलं का हे पाहायचं असेल तर ब्राउझरची खासगी विंडो उघडा आणि लॉगिन न करता प्रोफाइलची लिंक टाका. शोध इंजिनात जुनं नाव काही दिवस दिसत राहिलं तर घाबरू नका. तो त्यांच्याकडचा जुना साठा असतो.

चूक तिसरी: परत येण्याची किल्ली आधीच फेकून देणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. डिलीट रद्द करायला लॉगिन लागतं आणि लॉगिनला कोड लागतो. तो कोड जुन्या ईमेलवर किंवा जुन्या नंबरवर येतो.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. १० मे रोजी फेसबुक डिलीटला टाकलं. ऑनलाइन पसारा आवरायचाच आहे म्हणून १५ मे रोजी त्याला जोडलेलं ईमेल खातंही बंद केलं आणि जुनं सिम परत दिलं. २५ मे रोजी लक्षात आलं की एका पेजचं पूर्ण नियंत्रण फक्त याच अकाउंटकडे होतं आणि अकाउंटबरोबर पेजही जाणार आहे. मुदतीचे १५ दिवस शिल्लक आहेत, पासवर्डही आठवतोय, पण दुसऱ्या टप्प्याचा कोड ज्या नंबरवर जातो तो हातात नाही.

अशा वेळी आधी जुना फोन किंवा जुना ब्राउझर शोधा. पूर्वी ओळख पटलेल्या उपकरणावर बऱ्याचदा कोड न मागताच आत जाता येतं. नाहीतर टू-फॅक्टर लावताना मिळालेले रिकव्हरी कोड कुठे जतन केलेत ते पाहा. ईमेल गूगलचं असेल आणि नुकतंच बंद केलं असेल, तर accounts.google.com/signin/recovery वर ते परत मिळवण्याचा प्रयत्न लगेच करा. गूगल ठरावीक दिवसांची हमी देत नाही, जितका उशीर तितकी आशा कमी. आधी ईमेल उभं करायचं, मग त्याच्या जोरावर फेसबुकमध्ये शिरायचं, हाच क्रम.

आवराआवर करताना क्रम याच्या उलट ठेवा. आधी सोशल मीडियाची अकाउंट, त्यांची मुदत संपेपर्यंत थांबा, मग नंबर बदला आणि ईमेल सगळ्यात शेवटी. पेज असेल तर विनंती करण्याआधीच दुसऱ्या कोणाला तरी पूर्ण नियंत्रण द्या. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर तर तुमच्या मालकीचा सर्व्हर, म्हणजे तिथला गट, दुसऱ्याच्या नावे केल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय अकाउंट डिलीटच होत नाही. एक्सवर तेच युजरनेम किंवा ईमेल नव्या अकाउंटला वापरायचं असेल, तर डिअ‍ॅक्टिव्हेट करण्याआधी जुन्या अकाउंटवर दोन्ही बदलून ठेवा.

फोटो आणि पोस्टची प्रतही आधीच उतरवा. मोठ्या अकाउंटची फाइल तयार व्हायला काही दिवस लागू शकतात, आणि तयार झालेली लिंक थोडेच दिवस चालते. फाइल संगणकावर उघडून आत फोटो आहेत याची खात्री करा, मगच डिलीटचं बटण दाबा.

डिलीट रद्द कसं करायचं

फेसबुकवर नेहमीच्या ईमेल-पासवर्डने लॉगिन करा. डिलीट होणार असल्याची सूचना आणि ‘Cancel Deletion’ हे बटण दिसेल, ते दाबा. नुसतं लॉगिन करून ही सूचना बंद केली तर काम झालं असं धरू नका. बटण दाबल्यावर आपलं प्रोफाइल खासगी विंडोत दिसतंय का ते पाहा. इन्स्टाग्रामवरही लॉगिन केल्यावर अकाउंट ठेवायचं असल्याची निवड करावी लागते. एक्सवर लॉगिन करून पुन्हा सुरू करायला होकार दिला की झालं. पोस्ट आणि फॉलोअरचे आकडे पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला शून्य दिसलं तरी काही हरवलं असं समजू नका.

विनंती तुम्ही केलीच नसेल आणि तरीही डिलीटचा ईमेल आला असेल, तर दुसरं कोणीतरी आत आहे. ईमेलमधल्या लिंकवर न जाता अ‍ॅप किंवा साइट स्वतः उघडा आणि आधी डिलीट रद्द करा. त्याच बैठकीत पासवर्ड बदला, इतर सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, अकाउंटला जोडलेला अनोळखी ईमेल किंवा नंबर काढा आणि टू-फॅक्टर चालू करा. नुसतं रद्द करून थांबलात तर घुसलेला माणूस त्याच दिवशी विनंती पुन्हा टाकू शकतो.

मुदत सगळीकडे ३० दिवसांची नसते. मायक्रोसॉफ्ट अकाउंट बंद करताना ३० की ६० दिवस हे तुम्हालाच निवडायला देतं. अशा वेळी ६० घ्यावेत, कारण त्या अकाउंटवर संगणकाचं लॉगिन, ईमेल आणि साठवलेल्या फाइल्स असं बरंच काही टांगलेलं असतं. डिस्कॉर्डची मुदत साधारण १४ दिवसांची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र विचार बदलायला मुदतच नाही. ‘Delete my account’ पूर्ण केलं की ग्रुप सुटतात, चॅटचा इतिहास जातो आणि गूगलवरचा बॅकअपही पुसला जातो. त्याच नंबरने पुन्हा नोंदणी करता येते, पण ते कोरं अकाउंट असतं. तिथे नुसता फोन नंबर बदलायचा असेल तर डिलीट करू नका, सेटिंगमधलं ‘Change number’ वापरा.