सोजू आणि शोचू: या चुका टाळा

मित्रांच्या घरी कोणी जपानहून शोचू दारूची किंवा कोरियाहून सोजू दारूची बाटली आणली की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बघायला मिळते. बाटली उघडतात, कोरियन मालिकेत बघितलेले छोटे ग्लास मांडतात, आणि आत काय आहे हे कोणीच वाचत नाही. जपानमधल्या कागोशिमात नोकरीनिमित्त तीन वर्षं काढली आहेत, त्यामुळे शोचूची अशी हेळसांड बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक: शोचू सोजूसारखी पिणं

दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका मित्राकडे बसलो होतो. त्याच्या साहेबांनी जपानहून रताळ्याची शोचू आणली होती, ७२० मिलीची बाटली. मला पोचायला उशीर झाला. तोवर पाच जणांनी ५० मिलीचे छोटे ग्लास भरून एका दमात रिकामे करायचा सपाटा लावला होता. एकाचे अर्ध्या तासात सहा ग्लास झाले होते. "अरे, सोजूच आहे, हलकी असते," असं तो मला सांगत होता. तासाभरानं तो बाथरूमच्या फरशीवर बसला होता. यजमान मित्र आणि मी रात्रभर त्याला कुशीवर झोपवून शेजारी जागे राहिलो.

हिशोब साधा आहे. आजची हिरव्या बाटलीतली सोजू साधारण १६ टक्क्यांची असते. ५० मिलीच्या ग्लासात ८ मिली मद्यार्क. शोचू बहुतेक वेळा २५ टक्क्यांची, म्हणजे त्याच ग्लासात साडेबारा मिली. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते, तिच्या ३० मिलीच्या एका छोट्या पेगमध्येही जवळपास तेवढंच. म्हणजे त्या मित्रानं अर्ध्या तासात सहा छोटे पेग नीट मारले होते. सोजू असती तर ते चारपेक्षा कमी भरले असते. तेही अर्ध्या तासात जास्तच, पण फरशीवर बसायची वेळ बहुधा आली नसती.

कोरियात सोजू गार करून, छोट्या ग्लासात, काही न मिसळता पितात, कारण कारखान्यातच तिच्यात भरपूर पाणी घातलेलं असतं. शोचूत ते पाणी पिणारा स्वतः घालतो. सहा भाग शोचू आणि चार भाग पाणी हे कागोशिमातलं नेहमीचं प्रमाण. २५ टक्क्यांची शोचू या प्रमाणात १५ टक्क्यांवर येते. म्हणजे ओठाला लागताना दोन्हींचा जोर सारखाच असतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्म्या चुका होतच नाहीत.

मी बाटली हातात आली की आधी टक्के वाचतो, मग ग्लास काढतो. बाटली सोजूची असली तरीसुद्धा, कारण आंदोंग गावची पारंपरिक सोजू ४५ टक्क्यांची असते आणि तीही सोजूच. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी तर जास्तच बघावं. तिथे फक्त बिअर-वाइनचा परवाना असलेल्या हॉटेलांना २४ टक्क्यांपर्यंतची सोजू विकायची मुभा मिळाली, म्हणून जपानी शोचूच्या बाटल्यांवरही 'सोजू' असं छापून त्या विकल्या गेल्या.

"सोजू तांदळाची असते"

एके काळी होती. वाफवलेला तांदूळ, नुरुक नावाचं धान्याचं विरजण, आणि भट्टी. पण १९६५ मध्ये धान्यटंचाईमुळे दक्षिण कोरियाच्या सरकारनं दारूसाठी तांदूळ वापरायला बंदी केली. मग कारखान्यांनी रताळं, टॅपिओका, मिळेल त्या पिष्टापासून जवळजवळ शुद्ध स्पिरिट काढलं, त्यात पाणी आणि गोडी घातली. बंदी पुढे उठली, पण लोकांच्या जिभेला तीच चव लागली होती आणि ती स्वस्तही होती. त्या वेळची सोजू ३० टक्क्यांची होती, नंतर ती उतरत उतरत १६ वर आली.

स्पिरिट इतकं धुऊन काढलेलं असतं की मुळात काय होतं ते नाकाला कळत नाही. म्हणून साध्या हिरव्या बाटलीत तांदळाचा वास शोधू नका.

शोचूचं उलटं आहे. 'होन्काकू' म्हणजे अस्सल शोचू भांड्याच्या भट्टीतून एकदाच काढतात, त्यामुळे कच्च्या मालाचा वास टिकतो. कागोशिमात रताळं, कुमामोतोच्या कुमा भागात तांदूळ, इकी बेटावर आणि ओइतात सातू, अमामी बेटांवर काळा गूळ. गोव्याच्या काजू फेणीत बोंडाचा वास येतो, तसाच रताळ्याच्या शोचूत उकडलेल्या रताळ्याचा येतो. ज्याला फेणीचा वास आवडतो त्यानं रताळ्यापासून सुरुवात करावी, ज्याला नको वाटतो त्यानं सातूपासून. जपानमध्ये सतत चालणाऱ्या मनोऱ्यातून काढलेली, वास नसलेली शोचूही मिळते. ती हिरव्या बाटलीच्या सोजूची जवळची नातेवाईक, आणि लिंबू-सोडा घालून चुहाय करायला तीच बरी. होन्काकूत कोला ओतणाऱ्यांना मात्र मी दुसरा ग्लास देत नाही.

उकळतं पाणी वरून ओतणं

गरम पाण्यातल्या शोचूला ओयुवारी म्हणतात. इथे घाईचे लोक हमखास चुकतात: ग्लासात शोचू, वरून किटलीतलं खळखळतं पाणी. मद्यार्काची वाफ सरळ नाकात जाते, ठसका लागतो, आणि मग "शोचू कडक असते बुवा" असा निकाल लागतो.

मी राहायचो त्या गल्लीत एक छोटा इझाकाया, म्हणजे खाण्यापिण्याचा जपानी अड्डा, होता, चालवणाऱ्या आजी सत्तरीच्या. पहिल्या दिवशी मी शोचूवर पाणी ओतायला गेलो तर त्यांनी माझ्या हातातून किटली काढून घेतली. पाणी उकळल्यावर त्यांनी झाकण काढून ते जरा निवू दिलं. मग कपात आधी पाणी ओतलं. कप तापला, पाणी आणखी थोडं उतरलं. त्यानंतर बाजूनं सावकाश शोचू सोडली. चमचा लावलाच नाही, ती आपोआप मिसळली. कप दोन्ही हातांत धरवेल इतका गरम होता आणि भाजलेल्या रताळ्याचा वास हळू हळू वर येत होता.

मी आजही तसंच करतो. पाणी ७०-८० अंशांचं, ४० मिली, त्यावर घरातल्या तापमानाची ६० मिली शोचू. पेय ४५ अंशांच्या आसपास बसतं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एकदा दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, तेवढं पुरतं. गार पाण्याच्या मिझुवारीत क्रम उलटा: आधी बर्फ आणि शोचू, मग पाणी, आणि तिथे ढवळायचं.

बारीकसारीक

थंडीत किंवा फ्रिजमध्ये शोचू गढूळ झाली, पांढरे कण दिसले, तर बाटली फेकू नका. ती कच्च्या मालातली तेलं असतात. बाटली खोलीत ठेवून कोमट होऊ द्या, ती विरघळतात.

फळांच्या चवीची सोजू १२-१३ टक्क्यांची असते, पण सरबतासारखी लागते आणि म्हणून मोजणी चुकते. बाटल्या मोजा, चव नको.

सोजू बिअरमध्ये घालून सोमेक करायचं तर तीन भाग सोजू, सात भाग बिअर. निम्मं-निम्मं नाही.

कोरियन माणसासोबत बसलात तर त्याचा ग्लास रिकामा झाल्याशिवाय भरू नका, आणि वडीलधाऱ्याला ओतताना दुसरा हात बाटलीला लावा.

साके या दोन्हींतली नव्हे. ती आंबवलेली असते, भट्टीतून काढलेली नसते.