छपाईचा कागद वेगळा, जलरंगाचा वेगळा

मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात एकाच पानावर छापील मजकूर आणि जलरंगातलं फुलाचं चित्र हवं होतं. प्रिंटरमधल्या ८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या, कागदावर पहिला ओला हात फिरताच पान फुगून लाटा आल्या, पाठीमागे रंग उतरला आणि इंकजेटची अक्षरंही पसरली.

मग १८० जीएसएमचा गुळगुळीत कार्डशीट घेतला. लाटा कमी झाल्या, पण रंग डागासारखे जागीच शोषले जायचे, ब्रशने हलवताच येईनात. म्हणजे फक्त वजन पुरत नाही. जलरंगाच्या कागदावर सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये अशी प्रक्रिया, केलेली असते, त्यामुळे पाणी काही वेळ वरच राहतं. कोपऱ्यावर थेंब टाकून बघा: लगेच जिरला तर तो कागद रंगवायला नको.

शेवटी काम विभागलं. मजकूर १२० जीएसएमच्या मॅट कागदावर छापला. ग्लॉसी चकाकतो, वाचताना त्रास होतो. चित्र ३०० जीएसएमच्या खरखरीत कोल्ड प्रेस कागदावर काढलं. तो प्रिंटरमध्ये घालायच्या फंदात पडलोच नाही, साध्या घरगुती प्रिंटरमध्ये इतका जाड कागद बहुधा अडकतो. चित्र पूर्ण वाळल्यावर कापून, पाणी नसलेल्या दुहेरी टेपने छापील पानावर चिकटवलं. पातळ गोंदाने खालचं पान पुन्हा सुरकुततं.